फुटलेलं वेगळं, हरवलेलं वेगळं : कुरियर कंपनीला तक्रारपत्र कसं लिहायचं

दिवाळी संपली की आमच्या ओळखीपाळखीत एक तक्रार हमखास ऐकू येते. पुण्याहून, नागपूरहून, बेंगळुरूहून कुणीतरी घरी खोका पाठवतं. तो येतो, पण कोपरा दबलेला असतो, टेप वेगळ्याच रंगाची असते, आत काही फुटलेलं असतं आणि काही नसतंच. मग घरातलं कुणीतरी कुरियरच्या ऑफिसात जाऊन भांडून येतं. तिथला मुलगा म्हणतो, "मेल टाका." मेल जातो: "आमच्या पार्सलमधील मौल्यवान वस्तू फुटल्या व गहाळ झाल्या, सुमारे पंधरा हजारांचे नुकसान झाले, त्वरित भरपाई द्यावी." त्यानंतर काही होत नाही.

मी शाहूपुरीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या बुकिंग ऑफिसात बारा वर्षं होतो. त्यातली शेवटची पाच वर्षं क्लेमच्या, म्हणजे नुकसानभरपाईच्या मागणीच्या टेबलावर गेली. वर लिहिलंय तसली पत्रं रोज यायची. त्यातल्या बहुतेकांचं नुकसान खरं असायचं, याची मला खात्री आहे. पण असल्या पत्रावर "हो" लिहायला टेबलावरच्या माणसाकडे काही नसतं आणि "नाही" लिहायला मात्र खूप काही असतं. गेल्या नोव्हेंबरात माझ्याच ताईच्या घरी असा खोका आला. त्याचं पत्र आम्ही कसं लिहिलं ते इथे क्रमाने सांगतो.

काय घडलं होतं

भाचीची नागपूरची नोकरी संपली. ती कोल्हापूरला परत येणार होती, म्हणून थोडं सामान तिने एका खोक्यात भरून ३ नोव्हेंबर २०२५ रोजी कुरियरने पाठवलं. खोका १० नोव्हेंबरला राजारामपुरीत ताईकडे पोचला. ताईने दारात मोबाइलच्या पडद्यावर बोटाने सही केली, मुलगा निघून गेला, आणि खोका आत ओढताना तिला तो हलका लागला. टेप दोन प्रकारची होती, खालची पारदर्शक आणि वरून तपकिरी. तिने मला फोन केला, "अरे, हे कुणीतरी उघडलंय वाटतं." मी म्हटलं, हात लावू नकोस, मी येतो.

आम्ही आधी तो न उघडलेला खोका कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेला आणि काट्यावर ठेवला. १४.१ किलो भरला. डॉकेटवर, म्हणजे बुकिंगच्या वेळी मिळालेल्या क्रमांकाच्या पावतीवर, वजन होतं १६.४ किलो. दुकानदाराकडून कोऱ्या कागदावर तारीख, वेळ, वजन आणि त्याचा शिक्का घेतला. मग घरी येऊन मोबाइलवर चित्रण चालू ठेवून खोका उघडला.

मिक्सरचं मोठं भांडं तडकलं होतं, मशीन चांगलं होतं. काचेच्या २७ नगांच्या डिनर सेटमधले ९ नग फुटले होते. इस्त्री नव्हती. दोन साड्या नव्हत्या.

आधी दोन ढीग करा

पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फुटलेली वस्तू आणि हरवलेली वस्तू यांची तक्रार एकाच पत्रात जाते, पण ती दोन वेगळी प्रकरणं आहेत. कंपनी दोन्हींना वेगळं उत्तर देते आणि दोन्हींचा पुरावाही वेगळा लागतो.

फुटलेल्या वस्तूबद्दल कंपनीचं ठरलेलं उत्तर असतं, "पॅकिंग नीट नव्हतं." वस्तू आत होती हा वाद तिथे नसतो, ती समोरच पडलेली असते. म्हणून तुम्हाला दाखवायचं असतं की पॅकिंग पुरेसं होतं आणि मार खोक्याला बाहेरून बसला.

हरवलेल्या वस्तूबद्दल पॅकिंगचं नावही काढता येत नाही. बबल रॅप कमी होता म्हणून इस्त्री खोक्यातून उडून जात नाही. तिथे कंपनी म्हणते, "ती वस्तू आत होती कशावरून?"

लॉन्ड्रीत दिलेल्या कपड्यांसारखंच आहे हे. शर्ट जळून परत आला तर तो शर्टच पुरावा असतो. दहा कपडे देऊन आठच परत आले तर पावतीवर "१०" लिहिलेलं असणं हा पुरावा. दोन्ही तक्रारी "माझे कपडे खराब केले" अशा एकाच वाक्यात कोंबल्या, तर दुकानदार जळालेल्या शर्टावर बोलत राहतो आणि हरवलेल्या दोन कपड्यांचा विषय बाजूला पडतो. क्लेमच्या टेबलावर हेच होतं. पॅकिंगच्या मुद्द्यावर अख्खी तक्रार फेटाळली जाते आणि तिच्यात गहाळ वस्तूही वाहून जातात.

म्हणून पत्रात दोन याद्या करायच्या, 'अ' आणि 'ब'. प्रत्येक यादीची बेरीज वेगळी आणि शेवटी एकूण.

"आत होतं कशावरून?" याचं उत्तर वजन देतं

कुरियरवाल्याने खोका उघडून आत काय आहे ते मोजलेलं नसतं. डॉकेटवर 'घरगुती सामान' एवढंच लिहितात. मग सिद्ध कसं करायचं?

मार्केट यार्डात गुळाचा रवा काट्यावर चढला की कुणी तोंडाने वाद घालत नाही. इथेही तसंच. बुकिंगचं वजन कंपनीनेच लिहिलेलं असतं, म्हणून ते तिला नाकारता येत नाही. १६.४ मधून १४.१ गेले, २.३ किलो कमी. इस्त्रीच्या मॉडेलचं वजन बिलासोबतच्या पत्रकावर १.१ किलो होतं. तशाच दोन साड्या ताईने घरच्या काट्यावर तोलल्या, अर्धा किलो आणि सहाशे ग्रॅम. बेरीज २.२ किलो. शंभर ग्रॅमचा फरक दोन काट्यांमध्ये पडतोच. काच फुटली तरी तुकडे आतच असतात, त्यामुळे फुटण्याने वजन कमी होत नाही. हे वाक्य आम्ही पत्रात मुद्दाम लिहिलं.

इथे एक फसगत होते. डॉकेटवरचं वजन खरंखुरं तोललेलं आहे की आकारमानावरून काढलेलं, ते पाहायला हवं. मोठा पण हलका खोका गाडीत जागा अडवतो, म्हणून कुरियरवाले लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणतात आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. येईल तो आकडा आणि काट्यावरचं वजन यातलं जे जास्त त्यावर पैसे घेतात. आमचा खोका ४५ × ४० × ४० सेंटिमीटरचा होता. गुणाकार ७२,००० आणि ५००० ने भागून १४.४ किलो. डॉकेटवर १६.४ होतं, म्हणजे ते काट्याचंच वजन. हाच खोका ५० सेंटिमीटर लांब आणि ५० उंच असता तर डॉकेटवर २० किलो लिहिलं गेलं असतं. मग "सहा किलो माल गेला" अशी तक्रार केली असती तर ती पहिल्याच तपासणीत खोटी ठरली असती.

वजनाशिवाय दोन गोष्टी कामी येतात. एक, खोका बंद करण्याआधीचे फोटो. भाचीने मिक्सर गुंडाळताना आणि वर साड्या ठेवल्यावर असे दोन फोटो ताईला पाठवले होते. त्यांवर तारीख होती. दुसरी म्हणजे पाठवण्याआधीची यादी, मग ती मोबाइलवरच्या साध्या संदेशात "आई, यात इस्त्री आहे, तुझ्या दोन साड्या आहेत" अशी का असेना. नुकसान कळायच्या आधी लिहिलेलं असल्याने तिला किंमत असते.

किंमत कशी लावायची

माणसं इथे दोन चुका करतात. एक तर सगळ्याला मिळून एक गोल आकडा लिहितात, नाहीतर तडकलेल्या भांड्यासाठी अख्खा मिक्सर मागतात. दोन्हींमुळे पत्र वाचणाऱ्याचा पहिला विश्वास जातो, आणि मग पुढचे खरे आकडेही तो संशयाने वाचतो.

दुरुस्त होण्यासारखी किंवा भाग बदलता येण्यासारखी वस्तू असेल तर दुरुस्तीचा किंवा त्या भागाचा खर्च मागायचा. मिक्सर ४,२५० रुपयांचा होता, पण कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नवं भांडं ८९० रुपयांना मिळेल असं लिहून दिलं. म्हणून मागणी ८९० रुपयांची. भाची म्हणाली, "मामा, पूर्ण मिक्सर मागूया ना, ते कमीच करणार आहेत." मी नाही म्हटलं. चालू मिक्सर घरात ठेवून त्याची किंमत मागणं बरोबर नाही, आणि तपासणीला माणूस आला तर ते लगेच कळतं.

डिनर सेटचा प्रश्न अवघड होता. २७ पैकी ९ म्हणजे तिसरा हिस्सा, २,१०० चा तिसरा हिस्सा ७०० रुपये. पण त्या सेटचे सुटे नग बाजारात मिळत नव्हते. सहा ताटल्यांच्या सेटात दोनच ताटल्या उरल्या तर त्याला सेट म्हणत नाहीत. म्हणून पूर्ण २,१०० मागितले आणि सोबत लिहिलं की उरलेले १८ नग कंपनीने खुशाल घेऊन जावेत. हे वाक्य नसेल तर मागणी लोभाची वाटते.

इस्त्रीचं २०२४ चं बिल होतं, १,६५० रुपये. वापरलेल्या विजेच्या वस्तूवर कंपनी घसारा कापू पाहते, म्हणजे वापराने कमी झालेली किंमत. आपण खरेदीची तारीख आणि बिलाची रक्कम खरी लिहायची, कपात काय करायची ते त्यांनी सांगावं.

एका साडीचं बिल होतं, ३,८०० रुपये. दुसरी ताईला भेट मिळालेली, तिचं बिल कुठून आणणार? तिच्यासाठी आम्ही ताईने ती साडी नेसलेला लग्नातला फोटो काढला, तो घेऊन महाद्वार रोडवरच्या एका दुकानात गेलो आणि तशाच साडीचं आजचं दरपत्रक घेतलं. २,४०० रुपये. पत्रात "बिल नाही, भेट मिळालेली" असं सरळ लिहिलं. बिल नसणं म्हणजे किंमत नसणं असं नाही, पण बिल नसताना आहे असं भासवलं तर बाकीच्या चार ओळीही जातात.

भावनिक किंमत पत्रात आणू नये. ती साडी ताईसाठी काय होती ते मला माहीत आहे, पण क्लेमच्या टेबलावरच्या माणसाला त्याचा आकडा लावता येत नाही.

पत्र

हेच ते पत्र, नावं आणि क्रमांक काढून:

*प्रति,*
*तक्रार निवारण अधिकारी, (कंपनीचं डॉकेटवर छापलेलं पूर्ण नाव), नोंदणीकृत कार्यालय.*
*प्रत: शाखा व्यवस्थापक, कोल्हापूर.*

*विषय: डॉकेट क्र. (…), नागपूर ते कोल्हापूर, बुकिंग ३ नोव्हेंबर २०२५, डिलिव्हरी १० नोव्हेंबर २०२५: वस्तू गहाळ व नुकसान, भरपाईची लेखी मागणी.*

*महोदय,*

*वरील डॉकेटचा एक खोका दि. १० नोव्हेंबर रोजी दुपारी १२.४० वाजता आमच्या राजारामपुरी येथील पत्त्यावर मिळाला. खोक्याचा एक कोपरा दबलेला होता आणि मूळ पारदर्शक टेपवर दुसरी तपकिरी टेप लावलेली होती. डॉकेटवरील वजन १६.४ किलो असून न उघडलेल्या खोक्याचे वजन त्याच दिवशी दुपारी १.३० वाजता १४.१ किलो भरले. काचेचे तुकडे खोक्यातच असल्याने २.३ किलोची घट फुटण्यामुळे झालेली नाही.*

*यादी अ, गहाळ वस्तू:*
*१) इस्त्री, १ नग, वजन १.१ किलो, बिल २०२४ चे, रु. १,६५०.*
*२) साडी, १ नग, अंदाजे वजन ०.५ किलो, बिल सोबत, रु. ३,८००.*
*३) साडी, १ नग, अंदाजे वजन ०.६ किलो, भेट मिळालेली असल्याने बिल नाही, फोटो व दुकानाचे दरपत्रक सोबत, रु. २,४००.*
*एकूण अ: रु. ७,८५०.*

*यादी ब, नुकसान झालेल्या वस्तू:*
*१) मिक्सरचे मोठे भांडे तडकले, मशीन चालू. बदली भांड्याचा दर सर्व्हिस सेंटरकडून, रु. ८९०.*
*२) काचेचा डिनर सेट, २७ पैकी ९ नग फुटले, सुटे नग मिळत नाहीत, बिल सोबत, रु. २,१००. उरलेले १८ नग कंपनीने ताब्यात घ्यावेत.*
*एकूण ब: रु. २,९९०.*

*अ व ब मिळून रु. १०,८४०. शिवाय कुरियरचे घेतलेले रु. १,१८० परत मिळावेत. एकूण मागणी रु. १२,०२०.*

*सामान पाच पदरी खोक्यात, प्रत्येक काचेची वस्तू स्वतंत्र गुंडाळून भरले होते. खोका, टेप व सर्व तुकडे तपासणीसाठी जपून ठेवले आहेत. कृपया १५ दिवसांत तपासणी करून लेखी उत्तर द्यावे. हे पत्र नुकसानीची लेखी नोटीस समजावी.*

*सही: पाठवणार / सही: घेणार*
*सोबत: डॉकेट, वजनाची चिठ्ठी, फोटो, बिले, दरपत्रके.*

त्याच संध्याकाळी याचा छोटा मसुदा फोटोंसह मेलने गेला. दरपत्रकं जमली तसं चौथ्या दिवशी पूर्ण पत्र स्पीड पोस्टने, पोचपावती मागून पाठवलं. कंपनीचं मुख्य कार्यालय परराज्यात होतं, म्हणून दोन्ही याद्यांची इंग्रजी प्रतही जोडली. शाखेत दिलेल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. शाखेतला माणूस म्हणाला, "आम्ही फक्त फ्रँचायझी आहे." असू दे. पैसे ज्या नावाच्या पावतीवर घेतले, ती कंपनी पत्राची पहिली मालक.

दोन सह्या का?

करार पाठवणाऱ्याशी झालेला असतो. मालाचं नुकसान ज्याच्या दारात दिसतं तो माणूस दुसराच. एकट्या ताईने लिहिलं असतं तर "तुम्ही आमचे ग्राहक नाही" आणि एकट्या भाचीने लिहिलं असतं तर "तुम्ही खोका पाहिलाच नाही" असं उत्तर येऊ शकतं. दोघींच्या सह्यांनी दोन्ही वाटा बंद होतात.

"पण सही तर करून बसलो"

दारात केलेल्या सहीला, किंवा सांगितलेल्या ओटीपीला, कुरियरवाले पीओडी म्हणतात, म्हणजे माल पोचल्याचा पुरावा. त्यावर बहुधा 'सुस्थितीत मिळाले' असं छापलेलं असतं. त्या सहीने खोका पोचला एवढं नक्की होतं. आत काय आहे ते बंद खोक्यावर सही करणाऱ्याला कळणं शक्य नसतं. त्याच दिवशी वजन केलेलं असेल, फोटो असतील आणि मेल गेलेला असेल तर सहीचा भार बराच कमी होतो. आठवड्याने जाग आली तर मात्र कंपनी म्हणते की घरात कुणी काय केलं ते आम्हाला काय माहीत, आणि ते खोडायला तुमच्याकडे काही उरत नाही.

टेप किंवा कोपरा दारातच संशयास्पद दिसला तर सही करताना शेरा लिहायचा: "खोका दबलेला, टेप दुबार, वजन न करता घेतला." पडद्यावर शेऱ्याला जागा नसेल तर डिलिव्हरीवाल्याला शेजारी उभं करून खोक्याचा फोटो घ्यायचा. तो मुलगा दिवसाला कितीतरी दारं फिरतो, खोका त्याने फोडलेला नसतो. त्याच्याशी भांडून काही मिळत नाही.

कायदा किती पैसे देतो

रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा रस्ते वाहतूक कायदा आहे, तो १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्यातल्या वाहतूकदाराच्या व्याख्येत दारापासून दारापर्यंत सेवा देणारी कुरियर एजन्सी स्पष्ट शब्दांत येते. पुष्कळांना हे माहीत नसतं.

या कायद्यात ग्राहकाच्या बाजूची एक मोठी गोष्ट आहे: माल हरवला किंवा बिघडला तर कंपनीचा निष्काळजीपणा आपण सिद्ध करत बसावा लागत नाही. पण एक कुंपणही आहे. जास्त जोखमीचा जादा दर भरलेला नसेल तर कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच, आणि तीही तुम्ही मालाची जी किंमत घोषित केली तिच्या आत. लॉन्ड्रीच्या पावतीवर "धुलाईच्या अमुक पटीपेक्षा जास्त भरपाई नाही" असं छापलेलं असतं, तशीच ही मर्यादा.

आमच्या खोक्याचं भाडं १,००० रुपये होतं आणि त्यावर १८० रुपये जीएसटी. दहा पट म्हणजे १०,०००. वस्तूंची आमची मागणी १०,८४० होती. भाचीने घोषित किंमत १५,००० लिहिली होती, म्हणून दहा पटींचीच मर्यादा लागत होती. बुकिंगवाल्याने विचारता "हजार लिहा" असं तिने सांगितलं असतं, तर कुंपण हजारावर आलं असतं. घोषित किंमत कमी सांगून भाड्यात फारसं काही वाचत नाही, पण क्लेमच्या वेळी तीच आडवी येते.

मग पत्रात १०,००० च का मागितले नाहीत? कारण पत्र म्हणजे झालेल्या नुकसानीची नोंद. नुकसान जेवढं झालं तेवढं लिहायचं. मर्यादेचा मुद्दा काढायचा असेल तर तो कंपनीने काढावा.

डॉकेटच्या मागे बारीक अक्षरात याहून लहान मर्यादा असू शकते, शंभर रुपयांचीसुद्धा. ती लागू होते का, यावर वाद आहेत. १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाठवणाऱ्याने सही केलेल्या डॉकेटवरची मर्यादा, तेव्हा ती १०० डॉलर होती, बंधनकारक मानली. दुसरीकडे, डॉकेटवर सहीच नसताना किंवा अटी वाचता येण्यासारख्या नसताना ग्राहक आयोगांनी अशी मर्यादा बाजूला ठेवल्याचेही निकाल आहेत. म्हणून मूळ डॉकेट जपायचं आणि त्यावर आपली सही आहे का ते आधी पाहायचं.

तारखांची गफलत

ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, आणि त्या भरवशावर ते थांबतात. पण रस्ते वाहतूक कायद्यात दावा करण्याआधी कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिची मुदत बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवस आहे. बुकिंगपासून, डिलिव्हरीपासून नाही. आमच्या बाबतीत ती २ मे २०२६ ला संपत होती. फोनवरची तक्रार, तक्रार क्रमांक, शाखेतलं भांडण यातलं काहीच लेखी नोटीस नसतं. म्हणूनच पत्रात "हे पत्र नुकसानीची लेखी नोटीस समजावी" ही ओळ आहे.

कंपनीच्या अटींत "४८ तासांत कळवा" किंवा "सात दिवसांत कळवा" असंही असतं. ती मुदत पाळणं आपल्या हाताचं आहे, म्हणून पहिला मेल त्याच दिवशी.

हे पत्र कुणाच्या कामाचं नाही

ऑनलाइन खरेदी केलेला माल फुटून आला तर कुरियरला लिहू नका. तुमचा व्यवहार विक्रेत्याशी आहे, कुरियर त्याने नेमलेलं असतं. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं.

पोस्टाने पाठवलेल्या पार्सलला वरचा कायदा लागत नाही, सरकार त्यातून वगळलेलं आहे. तिथे पोस्टाचे स्वतःचे नियम चालतात आणि भरपाई फार थोडी असते.

चप्पल लाइनमधल्या दुकानदारांनी एक लक्षात ठेवावं. व्यापारासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार ग्राहक आयोगात सहसा टिकत नाही. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला, म्हणजे घरी चपला बांधून स्वतःच पाठवणाऱ्या कारागिराला, यात सूट आहे. पण तसं असेल तर पत्रातच लिहावं की हा माझ्या उपजीविकेचा स्वयंरोजगार आहे.

उत्तर आलंच नाही तर

१५ दिवस गेल्यावर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते, अनेकदा तिथूनच कंपनी हलते. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार चालते, त्यामुळे नागपूरला किंवा कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जावं लागत नाही, कोल्हापुरातच होते. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. अर्ज ई-जागृती पोर्टलवरून करता येतो. तिथे जोडायचे कागद तेच, जे पत्रासोबत गेले.

आम्हाला काय मिळालं

बाराव्या दिवशी कंपनीचा मेल आला. तपासणीला कुणी आलं नाही. यादी 'अ' त्यांनी मान्य केली, ७,८५० रुपये, घसारा न कापता. वजनाच्या फरकावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. यादी 'ब' "अयोग्य पॅकिंग" म्हणून नाकारली. कुरियरचं भाडं परत करण्याबद्दल एक शब्द नव्हता.

सोबत सही करायला एक पावती आली होती, "सर्व मागण्यांपोटी पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली." अशा कागदावर सही झाली की उरलेली यादी तिथेच मिटते, आणि घाईत लोक करून टाकतात. आम्ही तो मजकूर खोडून "यादी अ मधील तीन गहाळ वस्तूंपोटी रु. ७,८५० मिळाले, यादी ब ची मागणी कायम" असं लिहून परत पाठवलं. त्यांनी ते स्वीकारलं. दोन याद्या वेगळ्या नसत्या तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं.

मग 'ब' साठी पुन्हा लिहिलं आणि मिक्सर गुंडाळतानाचा फोटो जोडला, ज्यात बबल रॅप आणि कडेचे थर्मोकोल दिसत होते. त्या भांड्याचे ८९० रुपये जानेवारीत जमा झाले. डिनर सेटचे २,१०० मिळाले नाहीत. भाचीने तो तितक्याच काळजीने भरला होता, प्रत्येक ताटली वेगळी गुंडाळून, पण तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि त्याचा फोटो काढायचा राहून गेला होता.